शब्दयादी ते शब्दकुल: विद्यापीठ प्रवेशाच्या इंग्रजी चाचण्या आणि अकादमिक शब्दसंग्रहाच्या अध्ययनाचा इतिहास

प्रस्तावना

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर इंग्रजी शब्दांची एखादी यादी असतेच. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला त्याचा मराठी किंवा सोपा इंग्रजी अर्थ, आणि रोज ठरावीक शब्द पाठ करण्याचा नेम, असे या अभ्यासाचे रूढ स्वरूप आहे. पाठांतराची परंपरा आपल्याकडे जुनी आणि सकस आहे, त्यामुळे ही पद्धत कोणाला परकी वाटत नाही. तथापि ज्या संशोधकांनी विसाव्या शतकात अकादमिक इंग्रजीच्या याद्या तयार केल्या, त्यांतील अनेकांच्या मनात सुटा शब्द हे अध्ययनाचे एकक नव्हते. त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी ‘शब्दकुल’ होते. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द, त्याची विकारी रूपे आणि उपसर्ग-प्रत्यय लागून त्यापासून सिद्ध होणारे निकटचे साधित शब्द, यांचा समूह. ही संकल्पना कशी उदयास आली, ती पुन्हा यादीतच कशी विरघळली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

ढाक्यातील एक प्रश्न

शब्दांची शास्त्रीय मोजदाद अमेरिकेत सुरू झाली. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1921 मध्ये दहा हजार इंग्रजी शब्दांचा वारंवारतेनुसार क्रम लावून शिक्षकांसाठी ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न हाताळला गेला तो भारतीय उपखंडात. भारतीय शिक्षण सेवेतील मायकेल वेस्ट हे ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात कार्यरत होते. बंगालमधील द्वैभाषिकतेसंबंधीचा त्यांचा अहवाल 1926 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुले शिक्षण अर्धवट सोडतात, मग ज्या टप्प्यावर मूल शाळा सोडते त्या टप्प्यावर त्याच्या हाती इंग्रजीचे नेमके काय उरते, असा त्यांचा प्रश्न होता. विमा-व्यवहारातील ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही कल्पना त्यांनी शिक्षणाला लावली. हप्ते मध्येच थांबले तरी विमेदाराला काही रक्कम परत मिळते, तद्वत अपुऱ्या शिक्षणाचेही काही मोल विद्यार्थ्याच्या पदरात पडले पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते.

या सूत्रातून शब्दनिवडीची निकड निर्माण झाली. वेळ थोडा असेल तर सर्वांत उपयोगी शब्द आधी शिकवले पाहिजेत. मात्र ‘उपयोगी शब्द’ मोजायचे म्हणजे नक्की काय मोजायचे, हा त्यामागचा खरा पेच होता. 1953 मध्ये वेस्ट यांनी संपादित केलेली सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रकाशित झाली. तिच्यात प्रत्येक मुख्य शब्दाखाली त्याचे साधित शब्द नोंदवलेले आहेत आणि निरनिराळ्या अर्थांचे प्रमाणही टक्केवारीने दिलेले आहे. शब्दकुल ही संज्ञा तेव्हा रूढ नव्हती. पण शब्द एकटा नांदत नाही, ही जाणीव या यादीच्या मांडणीतच दिसते. पुढे ही यादी पाठ करणाऱ्यांनी नेमकी ती टक्केवारी आणि ते उपशब्दच गाळले व उरलेले दोन हजार मथळे घोकले.

पाठ्यपुस्तकाच्या समासातील पेन्सिलच्या खुणा

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि त्यांची इंग्रजी तपासण्याची गरज विद्यापीठांना भासू लागली. टोफेल ही चाचणी 1964 मध्ये प्रथम घेण्यात आली. तिच्यात शब्दसंग्रहाला स्वतंत्र स्थान होते. दिलेल्या शब्दाचा समानार्थी पर्याय ओळखणे, अशा स्वरूपाच्या प्रश्नांना यादीची घोकंपट्टी पुरेशी ठरत असे. यादी-पाठांतराच्या संस्कृतीला बळ मिळाले ते येथे. चाचणीचा साचा आणि अभ्यासाचा साचा परस्परांना पोसत राहिले.

याच सुमारास विद्यापीठीय वाचनात नेमके कोणते शब्द अडतात याचा शोध स्वतंत्रपणे चालू होता. 1970 च्या दशकात चार याद्या तयार झाल्या. त्यांपैकी दोन मोजणीवर आधारलेल्या होत्या. न्यूझीलंडमध्ये कॅम्पियन आणि एली यांनी 1971 मध्ये, तर जीन प्रानिन्स्कस यांनी 1972 मध्ये विद्यापीठीय पाठ्यसामग्रीतील शब्दांची वारंवारता मोजली. उरलेल्या दोन याद्यांची पद्धत मात्र विलक्षण साधी होती. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात लिन यांनी (1973) आणि इराणमधील शिराझ येथे घदेसी यांनी (1979) विद्यार्थ्यांची वापरलेली पाठ्यपुस्तके गोळा केली. ज्या शब्दांच्या माथ्यावर विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेतील अर्थ लिहून ठेवले होते, ते शब्द त्यांनी मोजले.

या खुणांनी एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. त्या-त्या विषयाच्या तांत्रिक संज्ञा विद्यार्थ्यांना सर्वाधिक सतावतात, हा समज खरा ठरला नाही. तांत्रिक संज्ञा पुस्तकातच व्याख्येसह येते आणि शिक्षकही ती समजावून सांगतो. अडचण होती ती सर्व विषयांत वावरणाऱ्या, पण कोणीच न शिकवणाऱ्या मधल्या थरातील शब्दांची. ‘गृहीत धरणे’, ‘सूचित करणे’, ‘निष्पन्न होणे’, ‘लक्षणीय’ अशा अर्थांचे हे इंग्रजी शब्द. अर्थशास्त्राचा प्राध्यापक ते आपल्या विषयाचे मानत नाही आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाला ते वाङ्मयीन वाटत नाहीत. 1984 मध्ये श्वे आणि पॉल नेशन यांनी या चारही याद्या एकत्र करून ‘युनिव्हर्सिटी वर्ड लिस्ट’ सिद्ध केली. तिच्यात आठशेहून अधिक शब्द होते. परंतु भिन्न पद्धतींनी केलेल्या चार लहान याद्यांची ही बेरीज असल्याने तिच्या निवडीत एकसूत्रता नव्हती.

वेलिंग्टनमधील दोन निर्णय

1993 मध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील लॉरी बाउअर आणि पॉल नेशन यांनी शब्दकुलाची शास्त्रीय व्याख्या मांडली. एखादे साधित रूप मूळ शब्दाच्या कुलात घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांनी प्रत्यय किती वारंवार येतो, तो नवे शब्द घडवण्यास किती सहज वापरला जातो, त्याचा अर्थ कितपत अपेक्षित असतो आणि तो लागल्यावर लेखन व उच्चार किती बदलतात, हे निकष वापरले. त्यांवरून त्यांनी सात पातळ्या आखल्या. पहिल्या पातळीवर प्रत्येक रूप हा वेगळा शब्द मानला जातो. दुसऱ्या पातळीवर अनेकवचन, भूतकाळ इत्यादी विकारी रूपे मूळ शब्दात मिळवली जातात. तिसऱ्या पातळीवर ‘-नेस’, ‘-लेस’, ‘अन-’ यांसारखे अत्यंत नियमित प्रत्यय-उपसर्ग येतात. पुढे पातळी चढेल तसे प्रत्यय दुर्मीळ किंवा अनियमित होत जातात आणि सातव्या पातळीवर ग्रीक-लॅटिन धातू येतात.

ही पातळ्यांची शिडी म्हणजे शिकणाऱ्याच्या वाढत्या ज्ञानाचे चित्र होते. नवशिक्याच्या लेखी कुल लहान असते. जाणत्याच्या लेखी ते विस्तारते. दुर्दैवाने नंतरच्या वापरात हा मुद्दा मागे पडला आणि एक ठरावीक पातळी सर्वांना सरसकट लावली गेली.

त्याच विद्यापीठात ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी या व्याख्येचा आधार घेऊन नवी यादी घडवली. 2000 मध्ये ती ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ या नावाने प्रसिद्ध झाली. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चार शाखांतील 28 विषयांचे सुमारे 35 लाख शब्दांचे लेखन त्यांनी संगणकावर तपासले. वेस्ट यांच्या दोन हजार शब्दांत येणारी कुले आधीच वगळली. उरलेल्यांपैकी ज्या कुलाची सर्व रूपे मिळून किमान शंभर वेळा येतात, चारही शाखांत प्रत्येकी किमान दहा वेळा आढळतात आणि 28 पैकी निदान 15 विषयांत दिसतात, तेच कुल स्वीकारले. अशी 570 कुले निघाली. अकादमिक मजकुरातील सुमारे दहा टक्के शब्द या कुलांतले असतात. कथा-कादंबऱ्यांत मात्र हे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी भरते. विद्यापीठीय लेखनात साधारणपणे दर दहावा शब्द या 570 घराण्यांपैकी एखाद्याचा निघावा, ही गोष्ट साहजिकच लक्ष वेधून घेणारी होती.

कॉक्सहेड यांनी सहाव्या पातळीपर्यंतची रूपे कुलात घेतली आणि मूळ शब्द स्वतंत्रपणे वापरता येणारा असावा, अशी अट घातली. म्हणून ‘स्पेसिफाय’ आणि ‘स्पेशल’ यांचे मूळ दूरान्वयाने एक असले तरी ते भिन्न कुलांत गणले जातात, कारण ‘स्पेक’ हा इंग्रजीत स्वतंत्र शब्द नाही. संस्कृत व्याकरणाच्या संस्कारात वाढलेल्या अध्यापकाला ही अट काहीशी कृपण वाटेल. ‘कृ’ धातूपासून कर्ता, कार्य, कृती, संस्कार, विकार अशी मोठी वंशावळ मांडण्याची आपल्याला सवय आहे. परंतु येथे प्रश्न व्युत्पत्तीचा नाही. एक शब्द ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला दुसरा शब्द विशेष श्रमाविना उमगेल काय, एवढाच प्रश्न आहे. आणि ‘संस्कार’ जाणणाऱ्याला ‘विकार’ आपोआप कळत नाही, हे मराठीच्या वर्गातही अनुभवास येते.

मथळ्यांची यादी

या यादीचे दहा उपविभाग पाडण्यात आले. पहिल्या नऊंत प्रत्येकी 60 आणि दहाव्यात 30 कुले आहेत. क्रम वारंवारतेचा असल्याने पहिल्या उपविभागाचा वाटा सर्वांत मोठा आहे. दहाव्यापर्यंत जाता तो नगण्य होतो. शिक्षकाच्या दृष्टीने ही सोय मोलाची होती.

तथापि छापील स्वरूपात आणि पुढे असंख्य अभ्यासपुस्तिकांत जे प्रसृत झाले, ते बहुधा केवळ 570 मथळे होते. येथे एक सूक्ष्म परंतु गंभीर चूक घडली. कुलाचा मथळा हे त्या कुलातील सर्वाधिक प्रचलित रूप असतेच असे नाही. ‘लेजिस्लेट’ (कायदा करणे) हे क्रियापद मथळ्यात आहे, पण प्रत्यक्ष वाचनात भेटतो तो ‘लेजिस्लेशन’. ‘ॲनलाइज’ मथळ्यात आहे, पण मजकुरात ‘ॲनॅलिसिस’ अधिक येतो. मथळे पाठ करणारा विद्यार्थी म्हणजे घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव पाठ करून गावात आलेला पाहुणा. दारात जो भेटतो त्याला तो ओळखत नाही. यादी-पाठांतराचा पर्याय म्हणून घडलेली ही योजना अवघ्या काही वर्षांत आणखी एक पाठ करायची यादी होऊन बसली.

मराठीतून अर्थ लिहून पाठ करण्याच्या पद्धतीने या चुकीत भर पडते. ‘व्हेअरी’ म्हणजे बदलणे, ‘व्हेरिएबल’ म्हणजे बीजगणितातील चल, ‘व्हेरिएशन’ म्हणजे तफावत. तिन्ही मराठी प्रतिशब्द अचूक आहेत, पण त्यांचे परस्परांशी काही नाते नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने ‘चल’ शाळेत शिकलेला असतो. हा चल आणि समोरचे ‘व्हेअरी’ हे क्रियापद एकाच घरचे आहेत, हे त्याला उजव्या रकान्यातून कधीच कळत नाही. याउलट विश्लेषण, विश्लेषक, विश्लेषणात्मक या मराठी मालिकेत इंग्रजी कुलाचे प्रतिबिंब नेमके पडते. म्हणजे मातृभाषेतील अर्थ काही कुलांत वाट दाखवतो आणि काहींत ती बुजवतो. कोणत्या ठिकाणी काय घडते, हे शिक्षकाने आधी पाहून ठेवावे लागते.

एका कुलाचा तपशील

‘व्हेअरी’ हे कुल अकॅडेमिक वर्ड लिस्टच्या पहिल्याच उपविभागात आहे आणि विकारी रूपांसह त्याचे सुमारे पंधरा सदस्य आहेत. प्रवेश-चाचणीच्या संदर्भात त्याची मांडणी कशी करता येईल, हे पाहणे उद्बोधक ठरेल. आयल्ट्स या 1989 पासून घेतल्या जाणाऱ्या चाचणीच्या अकादमिक लेखन-विभागात पहिला प्रश्न बहुधा आलेख किंवा तक्त्याचे वर्णन करण्याचा असतो. समजा, तक्त्यात निरनिराळ्या जिल्ह्यांतील पर्जन्यमान दिले आहे. यादी पाठ केलेला विद्यार्थी एकच वाक्य लिहितो, ‘रेनफॉल व्हेअरीज फ्रॉम डिस्ट्रिक्ट टू डिस्ट्रिक्ट’, आणि पुढील प्रत्येक तक्त्यासाठी तेच क्रियापद पुन्हा वापरतो.

कुल बांधण्याची पहिली पायरी म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण अशी चार घरे आखून त्यांत सदस्य बसवणे. क्रियापदाच्या घरात ‘व्हेअरी’, नामाच्या घरात ‘व्हेरिएशन’, ‘व्हेरिअन्स’, ‘व्हेरिअन्ट’, ‘व्हेरिएबिलिटी’ आणि नाम म्हणून ‘व्हेरिएबल’, विशेषणाच्या घरात ‘व्हेरिएबल’, ‘व्हेअरीड’ आणि ‘इन्व्हेरिएबल’, क्रियाविशेषणाच्या घरात ‘व्हेरिएब्ली’ आणि ‘इन्व्हेरिएब्ली’. विद्यार्थ्याने ही घरे आधी स्वतः अंदाजाने भरावीत आणि मग शब्दकोशात पडताळावीत. क्रम उलटा केल्यास तक्ता हीच पाठ करायची नवी यादी होते. सर्वच कुलांत चारही घरे भरत नाहीत. रिकामे घर बळेच भरण्याच्या नादात अस्तित्वात नसलेले शब्द तयार होतात आणि ही चूक हुशार विद्यार्थीच अधिक करतो, कारण नियम त्याला कळलेला असतो.

दुसरी पायरी अर्थाच्या अंतराची. ‘व्हेरिएशन’ आणि ‘व्हेरिएबिलिटी’ मुळाला धरून आहेत; बदलणे कळले की तेही कळतात. ‘व्हेरिअन्स’ मात्र संख्याशास्त्रात ठरावीक सूत्राने काढलेली राशी आहे. पर्जन्यमानातील साध्या फरकाला तो शब्द लावला तर परीक्षकाला ते खटकते. ‘इन्व्हेरिएब्ली’चा अवयवशः अर्थ ‘न बदलता’ असा निघतो, पण वापरात तो ‘जवळजवळ प्रत्येक वेळी’ असा आहे. प्रत्ययांच्या आधारे अर्थ काढण्याची युक्ती येथे निम्मी वाट चालते आणि थांबते. म्हणून नेशन यांनी सुचवलेल्या पद्धतीत अवयव तोडल्यानंतर शब्दाचा कोशातील अर्थ पुन्हा त्या अवयवांशी जोडून सांगण्यावर भर आहे. शब्द तोडून अर्थ ओळखण्यापेक्षा कळलेला अर्थ अवयवांना टांगून ठेवणे, हा त्यामागील हेतू आहे.

तिसरी पायरी वाक्यरचनेची, आणि याच पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. शब्दाची जात बदलली की शब्दयोगी अव्यय बदलते, सोबतीचे शब्दही बदलतात. क्रियापदासोबत ‘फ्रॉम… टू’ येते. नाम घेतले की ‘देअर इज कन्सिडरेबल व्हेरिएशन इन रेनफॉल अक्रॉस द डिस्ट्रिक्ट्स’ असे वाक्य होते आणि ‘इन’ व ‘अक्रॉस’ आवश्यक ठरतात. विशेषण घेतले की ‘रेनफॉल इज हायली व्हेरिएबल’. मराठीत नामाला ‘करणे’ जोडून क्रियापद साधण्याची प्रवृत्ती प्रबळ आहे. विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, व्याख्या करणे ही आपली नित्याची रचना. तिच्या प्रभावाने ‘ॲनलाइज’ हे सुटसुटीत क्रियापद हाताशी असताना ‘डू ॲनॅलिसिस ऑफ’ अशी रचना लेखणीतून उतरते. तीन वाक्ये एकाच आशयाची लिहून घेतल्याशिवाय हा दोष विद्यार्थ्याला स्वतःला दिसत नाही.

उच्चारही दुर्लक्षिता येत नाही. ‘ॲनलाइज’मध्ये आघात पहिल्या अवयवावर, ‘ॲनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘ॲनलिटिकल’मध्ये तिसऱ्यावर पडतो. आघात सरकला की स्वर बदलतो. डोळ्यांना जे एक कुल दिसते ते कानाला तीन परके शब्द वाटू शकतात. श्रवण-चाचणीत ओळखीचा शब्द निसटतो तो पुष्कळदा या कारणाने.

एक रूप आले म्हणजे सर्व आली काय?

शब्दकुल ही मोजणीची सोय म्हणून उत्तम होती. पण तिच्या मुळाशी एक गृहीतक होते: एक सदस्य ठाऊक असेल तर इतर सदस्य फारशा श्रमाविना कळतात. 2002 मध्ये नॉर्बर्ट श्मिट आणि शेरिल झिमरमन यांनी या गृहीतकाची परीक्षा घेतली. विद्यापीठात शिकणाऱ्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी सोळा अकादमिक शब्द दिले आणि प्रत्येकाची नाम, क्रियापद, विशेषण व क्रियाविशेषण ही रूपे वाक्यांतील रिकाम्या जागी लिहावयास सांगितली. एखाद्या शब्दाची चारही रूपे येणे किंवा एकही न येणे, या दोन्ही गोष्टी विरळा आढळल्या. बहुतेकांना काही रूपे येत होती आणि काही येत नव्हती. नामे व क्रियापदे तुलनेने बरी होती. विशेषणे आणि विशेषतः क्रियाविशेषणे लंगडी होती.

या निष्कर्षाचे महत्त्व चाचण्यांच्या बदलत्या स्वरूपात आहे. टोफेलमधील सुट्या शब्दांचे प्रश्न 1995 मध्ये गेले आणि शब्दार्थ उताऱ्याच्या संदर्भातच विचारला जाऊ लागला. 2005 मध्ये आलेल्या आंतरजालाधारित टोफेलमध्ये लेखन व भाषण अनिवार्य झाले. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईतील विरुद्धार्थी शब्द आणि साम्य-संबंधांचे प्रश्न 2011 मध्ये वगळण्यात आले. ज्या प्रश्नप्रकारांसाठी याद्या जन्मल्या, ते प्रश्नप्रकार मावळले. याद्या मात्र टिकून राहिल्या. पुणे-मुंबईतील शिकवणी-वर्गांच्या विद्यार्थ्यांत त्या हस्तांतरित होत राहिल्या, यात नवल नाही. स्मरणाचा हिशेब ठेवणे सोपे असते, वापराचा ठेवणे अवघड. आयल्ट्सच्या लेखन-मूल्यांकनात शब्दसंपदा हा चार समान निकषांपैकी एक असून त्याच्या श्रेणी-वर्णनांत शब्दसिद्धीतील चुकांचा उल्लेख आहे. ‘इकॉनॉमिक’च्या जागी ‘इकॉनॉमिकल’ लिहिणाऱ्याला शब्दाचा अर्थ येत असतो. गुण जातो तो कुलातील चुकीचा भाऊ बोलावल्यामुळे.

वाचनातील ओळख आणि लेखनातील निर्मिती यांच्यातील हे अंतर शिक्षकाला सहज मोजता येते. एकाच कुलासाठी दोन प्रश्न द्यावेत. पहिल्यात साधित रूप उताऱ्यात ठेवून त्याचा अर्थ विचारावा. दुसऱ्यात मूळ शब्द कंसात देऊन वाक्यातील रिकाम्या जागी योग्य रूप लिहावयास सांगावे. पहिले उत्तर बरोबर आणि दुसरे चूक आले, तर विद्यार्थ्याला अधिक शब्दांची नव्हे, त्याच शब्दांच्या अधिक रूपांची गरज आहे. दोन्ही चुकली, तर मूळ शब्दच पक्का नाही आणि चार घरांचा तक्ता तूर्त अवेळी आहे. दुसरे उत्तर व्याकरणदृष्ट्या योग्य जातीचे पण अस्तित्वात नसलेले रूप असेल, तर नियम कळला आहे व वाचन अपुरे आहे, असे समजावे.

नंतरचे आक्षेप

शब्दकुलाच्या कल्पनेवर पुढील काळात दोन दिशांनी टीका झाली. केन हायलँड आणि पॉली त्से यांनी 2007 मध्ये मूळ गृहीतकालाच हात घातला. सर्व विद्याशाखांना समान असा अकादमिक शब्दसंग्रह खरोखर असतो काय, असा त्यांचा प्रश्न होता. एकच रूप निरनिराळ्या विषयांत निराळ्या अर्थाने आणि निराळ्या सोबत्यांसह येते. ‘व्हॉल्यूम’ हा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला घनफळ म्हणून भेटतो, तर मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याला ग्रंथाचा खंड म्हणून. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि प्रवेश-चाचणी देणारा विद्यार्थी अद्याप कोणत्याही विद्याशाखेत दाखल झालेला नसतो आणि चाचणीतील उतारे भूगर्भापासून मानसशास्त्रापर्यंत कोठूनही येऊ शकतात. त्याच्यापुरता समान थराचा विचार व्यवहार्य राहतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी ठरला. 2014 मध्ये डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी बारा कोटी शब्दांच्या अकादमिक संग्रहावरून नवी यादी सादर केली. तिचे एकक कुल नव्हते. मूळ शब्द आणि केवळ त्याची विकारी रूपे, तीही शब्दाच्या जातीनुसार वेगळी काढून, असे लहान एकक त्यांनी वापरले. मोठ्या कुलात अर्थाने दूर गेलेली रूपे एकत्र कोंबली जातात, ही त्यांची तक्रार होती. ‘प्रोसीड’ (पुढे जाणे), ‘प्रोसीजर’ (कार्यपद्धती) आणि ‘प्रोसीड्स’ (विक्रीचे उत्पन्न) यांना एका छताखाली ठेवल्याने शिकणाऱ्याला कितपत लाभ होतो, हा प्रश्न रास्तच आहे. 2018 मध्ये स्टुअर्ट मॅक्लीन यांनी जपानी विद्यार्थ्यांची तपासणी केली, तेव्हा मूळ शब्द जाणणाऱ्यांना त्याची साधित रूपे वाचतानाही अनेकदा कळत नाहीत, असे दिसून आले. श्मिट-झिमरमन यांच्या अभ्यासात लेखनातील उणीव उघड झाली होती. येथे ती ओळखण्याच्या पातळीवरही दिसली.

या आक्षेपांमुळे कुल हे मोजणीचे एकक म्हणून डळमळले आहे. परंतु एक रूप कळल्याने दुसरे आपोआप कळत नाही, हाच जर पुरावा असेल, तर ती रूपे जोडून दाखवण्याचे काम वर्गात करावे लागणार, हेही त्यातूनच निघते. कॉक्सहेड यांच्या मोजणीसाठी सहावी पातळी योग्य होती. बारावी उत्तीर्ण होऊन चाचणीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र बाउअर-नेशन यांच्या शिडीची तिसरी आणि चौथी पातळी हा अधिक प्रामाणिक प्रारंभबिंदू ठरतो. ‘-नेस’, ‘-मेंट’, ‘-इटी’, ‘-अल’, ‘-लेस’ आणि ‘अन-’ यांपासून सुरुवात करून, अर्थ मुळाला धरून राहणारी कुले आधी घ्यावीत. ‘प्रोसीड’सारखी फुटलेली घराणी नंतर घ्यावीत आणि तीही वेगवेगळे शब्द म्हणून.